शून्याच्या डाव्या बाजूला

पेणला सायकलच्या दुकानावरच्या एका खोलीत मी एकवीस वर्षं गणिताचा क्लास चालवला. खोलीला एकच खिडकी होती आणि तीही पत्र्यावर उघडायची, त्यामुळे एप्रिलमध्ये मुलांची डोकी तापायची आणि माझं त्यांच्याआधी तापायचं. फळा विकत घेतला नव्हता. जवळच्या जोहे गावातल्या एका गणपतीच्या मूर्तीवाल्याकडे जुन्या मांडणीच्या फळ्या पडून होत्या. त्या त्याच्याशी घासाघीस करून उचलल्या, ठोकून जोडल्या आणि काळा रंग मारला. दोन फळ्यांच्या मधे एक आडवी फट राहिली होती. आलेख काढताना मी तिलाच x-अक्ष समजायचो.

घासाघीस मी वडखळला शिकलो. नाक्यावर, अलिबागचा रस्ता फुटतो तिथे, वडील पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन उभे राहायचे आणि शाळा सुटली की मी त्यांच्याजवळ. गाडीतलं गिऱ्हाईक खालून वर येतं, आपण वरून खाली येतो, आणि मधे कुठेतरी सौदा अडकतो. पुढे बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला सँडविचचा नियम शिकवायची वेळ आली, तेव्हा मी मुलांना हेच सांगायचो.

"वरची किंमत खाली येतेय, खालची वर येतेय. दोन्ही एकाच आकड्यावर येऊन टेकल्या, तर मधली जाणार कुठे? मधे ती कितीही नाचू दे, तिलाही तिथेच यावं लागणार."

मग फळ्यावर x² sin(1/x) लिहायचो. मुलांना हा प्राणी बघून घाम फुटायचा. sin(1/x) शून्याजवळ वेड्यासारखा वरखाली होतो. x ला 1/π, 1/2π, 1/3π असं लहान करत गेलं, तर तो प्रत्येक वेळी शून्य येतो. 2/π, 2/5π, 2/9π असं गेलं, तर प्रत्येक वेळी एक. शून्याकडे जाताना तो कुठेच ठरत नाही, म्हणून त्याला सीमा नाही. पण तो एकच्या वर आणि उणे एकच्या खाली कधी जात नाही. त्याला x² ने गुणलं की तो +x² आणि −x² या दोन वाट्यांच्या मधे कोंडला जातो. एक वाटी सरळ ठेवलेली, दुसरी पालथी, दोघींचे तळ शून्यावर टेकलेले. मी दोन्ही वाट्या खडूने काढायचो आणि मधे ती लाट, शून्याकडे जाताना दाट दाट होत जाणारी. शेवटी खडू नुसता घासला जायचा आणि तिथे पांढरा डाग पडायचा. मुलं हसायची, पण त्यांना कळायचं.

या फंक्शनशी माझं जुनं वैर आहे. रोह्याच्या कॉलेजात गणिताच्या व्याख्यात्याची जागा निघाली होती. मुलाखतीला दोघंच होतो, मी आणि एम.एस्सी.ला माझ्या बाकावर बसणारा माझा दोस्त. नमुना तास घ्यायला सांगितला आणि मी हेच उदाहरण घेतलं. समितीतले एक वयस्कर गृहस्थ मधेच म्हणाले, "एवढं कशाला? x² ची सीमा शून्य. शून्य गुणिले काहीही, शून्यच."

मी म्हणालो, "साहेब, गुणाकाराची सीमा वेगवेगळी काढायची तर दोघांनाही सीमा हवी. sin(1/x) ला सीमाच नाही, ती आणायची कुठून? आणि शून्य गुणिले काहीही म्हणाल, तर x² गुणिले 1/x² चं काय करता? तेही शून्य?"

बरोबर बोललो होतो. पण आवाज चढला होता, आणि शेवटचं वाक्य बोलताना मी खडू टेबलावर आपटला होता. जागा दोस्ताला मिळाली. त्याने म्हणे त्याच गृहस्थांना मान डोलावून 'आपलंही बरोबर आहे' असं सांगितलं होतं. हे मला त्यानेच सांगितलं, हसत हसत, रोहा स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर. तो चहा मी अर्धा टाकून उठलो. त्यानंतर आम्ही बोललो ते लग्नकार्यात, तेही तोंडदेखलं.

तर मी क्लास काढला. मला त्या कॉलेजला दाखवून द्यायचं होतं की त्यांची मुलं पास कोण करतो. त्यासाठी मी एक पद्धत बसवली. मागच्या सगळ्या प्रश्नपत्रिका जमवल्या. कोणता प्रश्न कितीदा येतो, किती गुणांना येतो, हे वहीत मांडलं. मग प्रत्येक उत्तर घासून घासून इतकं लहान केलं की मुलांनी झोपेत लिहावं. एका प्रमेयाला चार ओळी, त्याच्यावर एक नाही. क्लासमध्ये त्या नोट्सचं नावच 'चार ओळी' पडलं होतं. सँडविचच्या चार ओळी अशा होत्या: sin(1/x) उणे एक आणि एकच्या मधे आहे. तिन्ही बाजूंना x² ने गुणा. दोन्ही टोकं शून्याकडे जातात. म्हणून सँडविचच्या नियमाने मधलंही शून्याकडे जातं.

आधी पाच ओळी होत्या. दुसरीनंतर एक ओळ होती की x² कधी ऋण नसतो, म्हणून गुणताना असमतेची चिन्हं उलटत नाहीत. ती मी काढली. प्रश्नपत्रिकेत दर वेळी x² च यायचा आणि त्या ओळीला वेगळा गुण कधी कोणी दिला नव्हता. जिचा काही उपयोग नाही, ती ओळ मुलांच्या डोक्यावर कशाला? सौदा कुठे तोडायचा ते मला कळतं, असं मला वाटायचं.

ती मुलगी कासूजवळच्या एका गावातली. बाप भातशेती करायचा, रब्बीला वाल लावायचा. रोह्याला आत्या होती, म्हणून तिने रोह्याच्या कॉलेजात नाव घातलं होतं, पण राहायची घरीच. सकाळच्या गाडीने रोह्याला, शनिवार-रविवारी उलट्या बाजूला पेणला, माझ्याकडे. बाप पहिल्या दिवशी तिला सोडायला आला होता, चपला जिन्याखाली काढून.

"सर, हिला गणितच शिकायचा हाय," तो म्हणाला. "दुसरा काय नको म्हनते. आमाला त्यातला काय कलत नाय. तुमी हाव, मंग काय."

"गणित मिळवून द्यायचं काम माझं," मी म्हणालो. "ते तुम्ही माझ्यावर सोडा."

हे मी सगळ्यांनाच म्हणायचो. पण त्या कॉलेजात त्याला एक अर्थ होता. पहिल्या वर्षाला तीन विषय असायचे, त्यातले दोन दुसऱ्या वर्षी ठेवायचे. गणित ठेवायचं असेल तर पहिल्या वर्षी गणितात साठ हवेत, असा त्यांचा नियम होता. एकोणसाठ असले तर रसायन आणि भौतिक घ्या, गणित विसरा. साठचा हा नियम माझ्या दोस्तानेच आणला होता, विषयाचा दर्जा राहावा म्हणून.

मुलगी कमी बोलायची. फळ्यावर काही लिहिलं की ती लगेच उतरवून घ्यायची नाही, आधी बघत बसायची. मला ते आवडायचं नाही.

"काय बघतेस? लिही. चार ओळी आहेत, महाभारत नाही."

"सर, ही लाट शून्यावर काय करते?"

"शून्यावर 1/x नाही. तिथे तिला आपण बोलावलेलंच नाही. लिमिट म्हणजे जवळ जाताना काय होतं ते. पोचल्यावर काय, ते नाही. लिही."

एकदा तिने विचारलं होतं, "सर, गुणताना चिन्हं उलटायची ती कधी?" मी म्हणालो, "ऋण संख्येने गुणलं की. इथे ऋण आहे का काही? वर्ग आहे ना? मग पुढे चल." उत्तर बरोबरच होतं. पण त्या दिवशी मी दोन मिनिटं थांबून तिला सांगितलं असतं की वर्ग नसला तर काय, तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती. मला पुढच्या तुकडीची घाई होती. जिन्यावर मुलं उभी होती.

परीक्षेच्या दिवशी ती गाडीने थेट पेणला आली, प्रश्नपत्रिका दाखवायला. मी नजर टाकली. सँडविचचा प्रश्न होता, पाच गुणांना: सिद्ध करा की x शून्याकडे जाताना x sin(1/x) ची सीमा शून्य आहे. वर्ग नव्हता.

"x² च्या जागी x," मी म्हणालो. "बाकी तेच. लिहिलंस ना?"

"लिहिलं, सर. चारी ओळी."

"मग झालं. साठ कुठे गेले नाहीत."

पेपर माझ्या दोस्तानेच काढला होता, आणि त्याने वर्ग मुद्दाम गाळला असं मला आजही वाटतं. माझ्या क्लासची मुलं सगळी एकसारखी उत्तरं लिहितात, हे त्याला ठाऊक होतं. त्याने माझ्या चार ओळींना अडवायला एक छोटा खिळा ठोकला. पण तो खिळा गणिताचाच होता, हेही मला मान्य करावं लागतं.

निकाल लागला. तिला सत्तावन्न.

अर्ज केला तर पेपर बघायला मिळायचा. मी स्वतः अर्ज लिहिला, तिच्या सहीसाठी तिच्यापुढे सरकवला आणि म्हणालो, मी येतो. बाप म्हणाला मी पण येतो. तिघं रोह्याला गेलो. गाडीत बापाने पिशवीतून वालाच्या शेंगा काढल्या, घरी न्या म्हणून माझ्या हातात दिल्या. मुलगी खिडकीशी बसली होती आणि वही उघडून काहीतरी पुन्हा पुन्हा करून बघत होती. मी विचारलं नाही.

गणित विभागाची खोली म्हणजे दोन टेबलं, एक कपाट आणि भिंतीवर छोटा फळा. दोस्त जाड झाला होता. त्याने मला बस म्हटलं, बापाला बसा म्हटलं, आणि मुलीला म्हणाला, "तू ये, तुझाच पेपर आहे." गठ्ठ्यातून काढून पुढे ठेवला. पाचपैकी एक गुण दिला होता.

मी पेपर ओढला. पहिली ओळ: उणे एक, sin(1/x), एक. बरोबर. दुसरी ओळ: −x ≤ x sin(1/x) ≤ x. तिच्या सुबक अक्षरात.

ती ओळ वाचताच मला कळलं. एवढी वर्षं फळ्यासमोर उभा राहिलेला माणूस, मला कळायला श्वासाइतका वेळही लागला नाही. x ऋण असेल तर ही ओळ खोटी आहे. x², तो कुठल्याही बाजूला असो, ऋण होत नाही; x होतो. x ने गुणताना शून्याच्या डाव्या बाजूला चिन्हं उलटतात, आणि ही असमता उलटीच्या उलटी उभी राहते. मुलगी माझीच ओळ लिहून आली होती, फक्त x च्या डोक्यावरचा दोन काढून.

मी जे करायचं तेच केलं. सौद्याला बसलो.

"उत्तर बरोबर आहे ना?" मी म्हणालो.

"उत्तर शून्य आहे हे मी प्रश्नातच दिलंय," तो म्हणाला. "त्याचे गुण मला मिळायला हवेत."

"चेष्टा सोड. sin मर्यादित आहे, हे पहिल्या ओळीत लिहिलंय. सगळ्याचा जीव त्यातच आहे. ते नसतं तर नियम लागूच झाला नसता. त्याचा एक."

"त्याचाच एक दिलाय."

"दोन्ही टोकं शून्याकडे जातात, त्याचा एक. −x पण शून्याकडे जातो, x पण जातो. हे खोटं आहे का?"

त्याने ती ओळ पुन्हा वाचली. "नाही. बरं, दोन."

"आणि x धन असताना तिची असमता खरी आहे. म्हणजे उजव्या बाजूची सीमा तिने सिद्ध केली. अर्धा प्रश्न सुटलाय. त्याचा एक."

"x धन आहे असं तिने कुठे लिहिलंय?"

"लिहिलं नाही. पण धन असताना ओळ खरी आहे की नाही? तुला वाचता येतं ना?"

बाप एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. त्याला बोलणं कळत नव्हतं, पण आकडा वर चढतोय हे कळत होतं. दोस्ताने लाल पेन उघडलं, एकचे तीन केले आणि सही केली. सत्तावन्नाचे एकोणसाठ झाले.

"अजून एक," मी म्हणालो.

"नाही."

"एका गुणावर पोरीचा विषय जातोय."

"चौथा गुण त्या असमतेचा आहे, आणि ती ओळ खोटी आहे. थोडी खरी, थोडी खोटी असं धरून मी तीन दिले. आता तू मागतोयस ते नुसत्या खोट्याचे गुण." मग तो मुलीकडे वळला. आवाज मऊ होता, आणि त्या मऊ आवाजाचाच मला नेहमी राग यायचा. "हे बघ. x च्या जागी उणे एक दशांश घाल. तुझ्याच ओळीत. फळ्यावर."

मुलगी उठली. खडू घेतला. −x च्या जागी 1/10 लिहिलं. मधे जागा सोडली. उजवीकडे −1/10 लिहिलं. मग मधली दोन चिन्हं काढायला हात गेला आणि थांबला. एक दशांश, उणे एक दशांशापेक्षा लहान? ती काही क्षण बघत राहिली, जशी क्लासमध्ये बघायची. मग न विचारता तिने शेजारी आलेख काढला. वाट्या नाहीत, दोन सरळ रेघा, एक चढती, एक उतरती, शून्यावर एकमेकींना छेदणाऱ्या. उजवीकडे चढती रेघ वर होती. डावीकडे ती खाली गेली आणि उतरती वर आली.

"रेघांनी जागा बदलली," ती म्हणाली. "वाट्या जागा बदलत नाहीत. त्या नुसत्या टेकतात."

"मग?" दोस्त म्हणाला.

"मग वर नेहमी जी असेल ती घ्यायची. मॉड x, म्हणजे चिन्ह काढून टाकलेला x." आणि तिने लिहिलं: −|x| ≤ x sin(1/x) ≤ |x|. "sin चा मॉड एकपेक्षा जास्त नाही, म्हणून सगळ्याचा मॉड, मॉड x पेक्षा जास्त नाही. आता दोन्ही बाजूंनी चालतं, सर." हे 'सर' ती त्याला म्हणाली.

तिला हे सगळं मिळायला फळ्याशी दोनेक मिनिटं लागली असतील. मला एकवीस वर्षांत अशी पोर परत भेटली नाही.

"पेपरात हे लिहिलं असतंस तर पाच होते," दोस्त म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "आणि खरं सांगू का, ही चूक एकट्या हिची नाही. तुझ्या क्लासच्या सगळ्याच..."

मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. खुर्ची मागे गेली आणि भिंतीवर आदळली. मी काय बोललो ते आता शब्दशः आठवत नाही, आठवू नये असंच होतं. मुलाखतीचं काढलं, मान डोलावण्याचं काढलं, जागा कशी मिळवलीस ते काढलं. साठचा नियम कोणासाठी केलास, गरिबाची पोरं गाळायला केलास, असंही म्हणालो. शेजारच्या खोलीतून शिपाई डोकावला. मी ओरडत होतो आणि आतून मला पक्कं माहीत होतं की हे सगळं मी फक्त त्याचं वाक्य बुडवायला ओरडतोय. आणि ते बुडालं. त्याने पेपर गठ्ठ्यात ठेवला आणि हळू म्हणाला, "तुला जे म्हणायचं ते म्हण. मी गुण वाढवणार नाही."

स्टेशनकडे चालत निघालो. गाडीला वेळ होता. बाप माझ्या बाजूने चालत होता, मुलगी चार पावलं मागे. मग त्याने विचारलं. भांडायला नाही, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"सर, ते साहेब काय म्हनत होते? चूक झाली ती कोनाची?"

मागे पावलं थांबली. मी वळून बघितलं नाही. तिच्या खांद्यावर पिशवी होती, पिशवीत वही होती आणि वहीत माझ्या नोट्स चिकटवलेल्या होत्या. तिने ते पान काढून बापापुढे धरायचा अवकाश होता. बापाला वाचता आलं नसतं, पण मघाशी पेपरात दिसलेली ओळ आणि ही ओळ सारखीच आहे हे बघायला वाचता यावं लागत नाही.

"पोरीची," मी म्हणालो. "घाई केली तिने. वर्ग नाही हे बघितलंच नाही."

हे अर्धं खरं होतं. तिने वर्ग नाही हे बघितलं नाही, आणि बघायला मी शिकवलं नव्हतं. उजवी बाजू खरी आणि डावी खोटी अशी ओळ मी बोललो, आणि मला त्यातला एकही गुण मिळू नये.

बाप थांबला. मागे वळला. "व्हय गो?"

"व्हय," ती म्हणाली. "माजीच चूक. सरांनी सांगितला होता."

मी काहीच सांगितलं नव्हतं. तिने ते मला वाचवायला म्हटलं, की तिला माझ्याशी पुढे काही बोलायचंच नव्हतं म्हणून म्हटलं, हे मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. गाडी आली. कासूला दोघं उतरली. बापाने हात जोडले. तिने जोडले नाहीत, पण मान खाली घालून 'येते सर' म्हणाली, जशी क्लास सुटल्यावर म्हणायची.

पुढच्या रविवारी ती आली नाही. गणिताविना क्लासला यायचं कशाला? मी तिच्या गावी जायचं ठरवलं. दोनदा पेण स्टेशनवर जाऊन परतही आलो. एकदा पत्र लिहायला बसलो. 'ही चूक माझ्या नोट्समध्ये होती' एवढंच वाक्य लिहिलं आणि पुढे काय लिहावं सुचेना. ते वाक्य चार ओळींपेक्षाही लहान होतं. कागद टेबलाच्या खणात ठेवला. मग क्लासच्या गर्दीत राहून गेला, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. राहून गेला नव्हता. खण उघडला की तो दिसायचा.

दोस्ताबद्दलची अढी मात्र मी जपून ठेवली. त्याने तो गुण दिला असता तर काय बिघडलं असतं? पाचातला एक गुण. ओळ खोटी होती, मान्य. पण त्याच्यासमोर, त्याच्या फळ्यावर, तिने ती खरी करून दाखवली होती. एवढं बघूनही ज्याचं पेन हललं नाही, त्याला मी कोरडा म्हणतो, आणि म्हणत राहणार. पण अलीकडे हे मनातल्या मनात बोलताना वाक्य अर्ध्यावर तुटतं. त्याने तिला निदान खडू दिला होता. मी तिला 'लिही, पुढे चल' एवढंच देत आलो होतो.

तिने रसायन घेतलं. पास झाली, चांगली झाली म्हणे. मग रोह्याजवळच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत लागली, शिफ्टमध्ये. हे मला तिच्याच तुकडीतल्या एकाने सांगितलं. गणिताचं काही करते का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "कसलं गणित, सर. नमुने तपासते. दिवसपाळी, रातपाळी."

बाप मला एकदाच भेटला, पाच-सहा वर्षांनी, पेणच्या बाजारात. पावट्याचं बियाणं घ्यायला आला होता आणि बरोबर त्याचा कोणी नातेवाईक होता. मी दुसऱ्या गल्लीत वळणार होतो, पण त्याने लांबूनच हाक मारली. जवळ येऊन माझा हात दोन्ही हातांत धरला.

"हे सर," तो नातेवाइकाला म्हणाला. "पोरीच्या मार्कांसाठी रोह्याला जाऊन त्या साहेबाशी भांडले हाईत. आपल्या पोरीसाठी एवढा कोन करतो? पोरीचाच नशीब. तिनंच घाई केली." आणि मला म्हणाला, "ती अजून बोलते, सर. सरांची काय चूक नव्हती, म्हनते."

नातेवाईक माझ्याकडे आदराने बघत होता. बाजारात गर्दी होती, मागून लोक ढकलत होते. मला बोलायचं होतं आणि ते बोलायला दोन मिनिटं पुरली असती, फळ्याचीही गरज नव्हती. मी म्हणालो, "तब्येत कशी आहे तुमची?"

"बरी हाय," तो म्हणाला. मग त्याने भातावर पडलेल्या किडीचं काढलं, आणि मी उभा राहून ते सगळं ऐकलं.